शुद्धलेखनाच्या तपासणीत चूक आणि भिन्न रूप

मराठी मजकूर संगणकाच्या पडद्यावर चिकटवून त्याचे शुद्धलेखन तपासावयास घेतले की शब्दांखाली लाल रेघा उमटतात. त्या रेघेचा अर्थ एवढाच असतो की तो शब्द तपासणी-प्रणालीच्या शब्दसंग्रहात नाही आणि तिला ठाऊक असलेल्या प्रत्ययांच्या जोडणीतूनही तो सिद्ध होत नाही. शब्द चुकला आहे की तो वेगळ्या काळातील, वेगळ्या बोलीतील किंवा परभाषेतून आलेला आहे, हे रेघ सांगत नाही. तो निर्णय तपासणाऱ्याने घ्यावयाचा असतो, आणि मजकुरातील ते वाक्य कोणत्या लेखनव्यवस्थेत लिहिले गेले आहे हे आधी ठरविल्याखेरीज तो घेता येत नाही.

आज प्रमाण मानले जाणारे लेखनविषयक नियम मराठी साहित्य महामंडळाने तयार केले आणि 1962मध्ये राज्यशासनाने ते स्वीकारले. पुढे 1972मध्ये त्यांत भर पडली. याच नियमांत असे सांगितले आहे की केशवसुतपूर्व काळातील पद्याचे आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीच्या गद्याचे उतारे छापताना ते मुळाप्रमाणेच छापावेत, त्यानंतरचे लेखन मात्र नव्या नियमांना अनुसरून छापावे. म्हणजे जुन्या रूपांचा प्रश्न नियमकारांनी स्वतःच काळाच्या रेषेने सोडविला होता. आधुनिक शब्दसंग्रहावर चालणाऱ्या प्रणालीला ही रेषा दिसत नाही.

पुढील परिच्छेद तपासणीचा नमुना म्हणून रचला आहे. त्यातील निवेदन 1962पूर्वीच्या पद्धतीने लिहिले असून संवाद वऱ्हाडी बोलीत आहे, आणि हा मजकूर अलीकडे कोणीतरी टंकलिखित केला आहे असे समजावयाचे आहे.

“त्या दिवशीं शाळेंत पांच मुलें आलीं होतीं. मास्तरांनीं फळ्यावर तारीख लिहीली. पान्याचा माठ दारापाशीं होता. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘मास्तर, पानी नाई अन मले पेन्सील बी नाई भेटली.’ तेवढ्यांत घड्याळांत नऊ वाजले होतें.”

आधुनिक तपासणीत येथील बहुतेक महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ येईल, पण खऱ्या चुका तीनच आहेत, आणि त्यांपैकी एकीखाली रेघ येण्याची शक्यता फार कमी आहे.

जुन्या पद्धतीतील अनुच्चारित अनुस्वार, म्हणजे लिहिला जाणारा परंतु उच्चारात न येणारा अनुस्वार, मनाला येईल तेथे दिला जात नव्हता. ‘पांच’मध्ये तो संस्कृत ‘पञ्च’मधील अनुनासिकाची खूण म्हणून राहिला होता, ‘शाळेंत’, ‘दिवशीं’, ‘मास्तरांनीं’ यांत तो विभक्तीचा होता, आणि ‘मुलें आलीं होतीं’ येथे तो नपुंसकलिंगी अनेकवचन दाखवीत होता. या शेवटच्या उपयोगाचे महत्त्व विशेष आहे. आज ‘चांगले’ हे एकच रूप ‘चांगले आंबे’ आणि ‘चांगले फूल’ या दोन्ही ठिकाणी येते. जुन्या लेखनात मात्र पुल्लिंगी अनेकवचनी ‘चांगले’ अनुस्वाराविना आणि नपुंसकलिंगी एकवचनी ‘चांगलें’ अनुस्वारासह लिहिले जाई, त्यामुळे शब्दाचे लिंग आणि वचन डोळ्यांना दिसत असे. ज्याचे स्थान असे नियमाने सांगता येते, त्या अनुस्वाराला चूक म्हणता येत नाही.

हीच कसोटी उलटी लावली की जुन्या लेखनातील खरी चूकही सापडते. ‘नऊ वाजले’ हे पुल्लिंगी अनेकवचनी रूप आहे, म्हणून त्याच्याशी जुळणारे सहायक क्रियापद ‘होते’ असे अनुस्वाराविनाच हवे. ‘होतें’ हे जुने रूप म्हणून सोडून देता येणार नाही, कारण जुन्या नियमांनुसारच ते अशुद्ध आहे. जुन्या मजकुराची नक्कल करणाऱ्याला प्रत्येक एकारावर अनुस्वार द्यावा असे वाटू लागते, आणि ही चूक त्यातून संभवते.

मजकूर आधुनिक लेखनात आणावयाचा असेल, तरी सर्व अनुस्वार सरसकट काढून चालत नाही. जुन्या पद्धतीतील एकवचनी ‘घड्याळांत’ आज ‘घड्याळात’ असे लिहितात, पण ‘अनेक घड्याळांत’ या अनेकवचनात आजही अनुस्वार आवश्यक आहे. त्यामुळे ‘घड्याळांत’ या शब्दाखाली कदाचित रेघच येणार नाही, आणि तो एकवचनी आहे की अनेकवचनी हे वाक्य वाचूनच ठरवावे लागेल. बोलण्याच्या धाटणीतील ‘केलं’, ‘असं’ यांवरील अनुस्वार तर अंत्य ‘अ’चा लांबट उच्चार दाखवितो, तो काढला की ‘केल’ असे निरर्थक रूप उरते.

‘लिहीली’ ही कोणत्याही पद्धतीत चूकच आहे. ‘लिहिणे’ या क्रियापदाचे भूतकाळी रूप जुन्या आणि नव्या दोन्ही लेखनांत ‘लिहिली’ असेच होते, आणि ‘ही’मधील दीर्घ ईकाराचे समर्थन येथे कोणत्याही नियमाने करता येत नाही.

बोलीच्या बाबतीत निर्णय शब्दावर नव्हे, तर शब्दाच्या स्थानावर अवलंबून असतो. मुलीच्या तोंडचे ‘मले’ हे वऱ्हाडीतील चतुर्थीचे नियमित रूप आहे, ‘भेटली’ हे ‘मिळाली’ या अर्थाने बोलीत रूढ आहे, आणि ‘पाणी’चे ‘पानी’ होणे हा ‘ण’च्या जागी ‘न’ येण्याच्या त्या बोलीतील प्रवृत्तीचा भाग आहे. मुलगी ‘पानी’ म्हणते म्हणून निवेदनातील ‘पान्याचा’ क्षम्य ठरत नाही. निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि त्याच निवेदनात ‘म्हणाली’मधील ‘ण’ शाबूत आहे, म्हणून तेथे ‘पाण्याचा’ असेच हवे. ‘पाना’ या अवजाराच्या नावाचे सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाला येणारे रूप, ‘पान्या-’ असेच होत असल्याने प्रणालीला ‘पान्याचा’ हा शब्द निर्दोष दिसतो. ज्या चुकीतून दुसराच खरा शब्द तयार होतो, ती शब्दसंग्रहाच्या आधारे पकडता येत नाही.

‘पेन्सील’चा प्रश्न निराळा आहे. परभाषेतून आलेल्या शब्दांत ‘पेन्सिल’ आणि ‘पेन्सील’, ‘पोलिस’ आणि ‘पोलीस’ अशी जोडरूपे आढळतात, कारण एकीकडे मूळ उच्चाराचा ओढा असतो आणि दुसरीकडे अकारान्त शब्दाचे उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरे, अक्षर दीर्घ करण्याचा मराठीचा कल असतो. अशा जोडीतील एक रूप निवडून ते मजकूरभर सारखे ठेवणे एवढेच तपासणाऱ्याचे काम आहे. सामान्यरूपात मात्र ही मोकळीक राहत नाही: प्रथमेत ‘पोलीस’ लिहिले, तरी पुढे ‘पोलिसांना’ असेच होते, आणि ‘पोलीसांना’ ही चूक ठरते.

याखेरीज मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना काही दोष शिरतात, त्यांचा लेखकाशी संबंध नसतो. ‘आचाऱ्याला’मधील अर्धा र दोन प्रकारे साठविला जातो: एका पद्धतीत U+0931 हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्ताचे चिन्ह असते, तर दुसरीत साधा र, हलन्ताचे चिन्ह आणि त्यामागून U+200D हे अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून डोळ्यांना निर्दोष दिसणाऱ्या शब्दाखालीही रेघ येऊ शकते. नक्कल करताना ते अदृश्य चिन्ह गळाले, तर ‘आचाऱ्याला’चे ‘आचार्याला’ होते, स्वयंपाक्याच्या जागी गुरू येतो, आणि तोही खरा शब्द असल्याने रेघ उमटत नाही. म्हणून मोठा मजकूर तपासण्यापूर्वी अर्ध्या र-चे एकच साठवण-रूप सर्वत्र करून घ्यावे, आणि ‘र्य’ असलेली ठिकाणे शोधून ती मूळ छापील प्रतीशी एकेक करून ताडून पाहावीत.