पिन विसरलाय? आधी जुना फोन हातात घ्या

आजचा विषय व्हॉट्सअ‍ॅपच्या सहा आकडी पिनचा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन कधीतरी चालू केलेलं असतं, तेव्हा टाकलेला पिन डोक्यातून निघून जातो आणि नवीन फोन घेतल्यावर अ‍ॅप तोच मागतं. मग पहिला प्रश्न एकच, जुने चॅट गेले का?

तर आधी हे नीट समजून घेऊ. हा पिन तुमच्या नंबरचं कुलूप आहे, चॅटचं नाही. जुने चॅट व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरवर साठवलेले नसतात. ते असतात तुमच्या फोनमध्ये, आणि बॅकअप चालू असेल तर अँड्रॉइडवर तुमच्या गूगल अकाउंटवर. म्हणजे पिन विसरल्याने चॅट जात नाहीत. चॅट जातात ते पिन विसरल्यावर घाबरून आपण जे काही करतो त्याने. अ‍ॅप अनइन्स्टॉल करतो, डेटा क्लिअर करतो, जुना फोन फॉरमॅट मारून विकतो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्या घोडेगावच्या कांदा मार्केटमधले एक आडतदार काका आहेत. शेतकऱ्यांना पाठवलेल्या पट्ट्यांचे फोटो, गाड्यांचे नंबर, कोणाचे किती पैसे राहिले, सगळं व्हॉट्सअ‍ॅपमध्ये. सोमवारी संध्याकाळी त्यांनी नगरहून नवीन अँड्रॉइड फोन आणला. सिम नवीन फोनमध्ये टाकलं, व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, एसएमएसने सहा आकडी कोड आला, तो टाकला. पुढच्या स्क्रीनवर परत सहा आकडे मागितले. काकांनी पुन्हा एसएमएसचाच कोड टाकला. चूक म्हणालं. मग गाडीचा नंबर, जन्मसाल, सगळं टाकून पाहिलं. शेवटी अ‍ॅपने सांगितलं, थोडा वेळ थांबा.

इथे दोन गोष्टी झाल्या. पहिली, दोन वेगळे आकडे एकच समजले गेले. एसएमएसचा कोड दर वेळी नवीन येतो आणि नंबर तुमचाच आहे एवढंच सांगतो. पिन मात्र तुम्ही स्वतः ठरवलेला असतो, तो एसएमएसने कधीच येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एसएमएसचा कोड नवीन फोनमध्ये टाकला, त्याच क्षणी जुन्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप लॉगआउट झालं. पिन टाकायच्या आधीच! म्हणजे आता जुनं दार बंद आणि नवीन उघडत नाही.

काकांनी हेच उलट क्रमाने केलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं. जुन्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप चालू असेपर्यंत Settings → Account → Two-step verification मध्ये जायचं. तिथे Change PIN आणि Turn off असे पर्याय असतात आणि त्यासाठी जुना पिन लागत नाही. म्हणून पिन आठवत नसेल तर तो आधी जुन्या फोनवर बदला, मगच नवीन फोनमध्ये एसएमएसचा कोड टाका. आजच्या भागातलं एवढं लक्षात राहिलं तरी बास.

पण काकांचा कोड तर टाकून झालाय. आता काय?

पिनच्या स्क्रीनवर Forgot PIN? असं लिहिलेलं असतं. पिन सेट करताना ईमेल दिलेला असेल तर तिथूनच ईमेल मागवता येतो. मेलमधल्या लिंकवर जाऊन रीसेट कन्फर्म करायचं आणि अ‍ॅपमध्ये येऊन पुढे जायचं. झालं. फक्त एक लक्षात ठेवा, तुम्ही मागवलेला नसताना असा मेल आला तर लिंक दाबू नका. दुसरं कोणीतरी तुमचा पिन काढायच्या प्रयत्नात असू शकतं.

काकांनी ईमेल दिलेला नव्हता. मग सात दिवस थांबायचं. सोमवारी अडकले, तर पुढच्या सोमवारी सुटका. यात शॉर्टकट नाही. मोबाइलच्या दुकानात कोणी म्हणालं, 'पाचशे रुपये द्या, पिन काढून देतो', तर त्याच्या हातात त्यातलं काहीच नाही. या सात दिवसांत सिमचा रिचार्ज संपू देऊ नका, कारण नंतर परत एसएमएस कोड लागू शकतो. ज्यांच्याशी रोजचा व्यवहार आहे त्यांना फोन करून सांगा, कारण या आठवड्यात आलेले मेसेज नंतर सगळे मिळतीलच असं धरून चालू नका. जुने चॅट आणि हे नवीन मेसेज, दोन्ही वेगळे विषय आहेत.

थांबायचंच आहे, तर तोवर जुने चॅट सांभाळून ठेवू. जुन्या फोनवरून व्हॉट्सअ‍ॅप काढू नका आणि Clear data तर अजिबात दाबू नका. मग फाइल मॅनेजरमध्ये या फोल्डरमध्ये जा:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

यात msgstore ने सुरू होणाऱ्या फाइल दिसतील. हा फोनमधला बॅकअप, रोज पहाटे दोनच्या सुमारास आपोआप होणारा. अख्खा फोल्डर कॉपी करून कॉम्प्युटरवर ठेवा. फाइल नुसती उघडून काही वाचता येणार नाही, ती एन्क्रिप्टेड असते. त्याच नंबरने लॉगिन झाल्यावरच ती उघडते.

सात दिवस झाले की माझा सल्ला असा, की नवीन फोनवर घाई करू नका. सिम जुन्या फोनमध्ये टाका आणि तिथेच लॉगिन करून पिन रीसेट करा. चॅट त्याच फोनमध्ये आहेत. ते दिसले, की नवीन पिन ठेवा, ईमेल जोडा आणि Settings → Chats → Chat backup मधून ताजा बॅकअप घ्या. बॅकअप कोणत्या गूगल अकाउंटवर गेला ते तिथेच दिसतं, लिहून ठेवा. नवीन फोनमध्ये तेच अकाउंट हवं, नाहीतर बॅकअप सापडतच नाही.

मग नवीन फोनवर लॉगिन करताना बॅकअप Restore करायचा का असं विचारलं जाईल. इथे Skip दाबू नका! चुकून दाबलंच, तर रात्रीचा बॅकअप व्हायच्या आत नवीन फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप काढून परत टाका. नाहीतर रिकाम्या चॅटचा नवीन बॅकअप जुन्याची जागा घेऊ शकतो.

शेवटची एक मर्यादा. 2021 पासून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये बॅकअपलाही वेगळं कुलूप लावता येतं, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. त्याला पासवर्ड किंवा 64 आकडी की असते. हे लावलं असेल आणि पासवर्ड विसरला असाल, तर पिन रीसेट होऊनही तो बॅकअप उघडणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा तो उघडून देऊ शकत नाही. पण जुन्या फोनवर अ‍ॅप चालू असेल तर हा पासवर्डही तिथूनच बदलता येतो.

म्हणून नवीन फोन आला, तरी सगळे चॅट त्यात दिसेपर्यंत जुना फोन कोणाला देऊ नका. काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा, फक्त पिन आणि कोड तिथे लिहू नका. भेटू पुढच्या भागात!