तीन वर्षे कोणत्या दिवसापासून मोजावयाची?



जुन्या करपद्धतीत कराची सवलत देणाऱ्या ईएलएसएस म्युच्युअल फंडातील पैसा तीन वर्षे काढता येत नाही, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण ही तीन वर्षे कोणत्या दिवसापासून मोजावयाची, याचा विचार आपण फारसा करीत नाही. नियम असा आहे की, ज्या दिवशी युनिटांचे वाटप होते त्या दिवसापासून ती मोजावयाची. आपण अर्जावर सही केल्याचा किंवा बँकेतून पैसे वळते झाल्याचा दिवस येथे उपयोगाचा नाही. रक्कम कामकाजाच्या दिवशी दुपारी तीनच्या आत फंडाच्या हाती पडली तर त्याच दिवसाच्या भावाने युनिटे मिळतात. उशीर झाला तर पुढच्या कामाच्या दिवसाच्या भावाने.

आता एक उदाहरण घेऊ. एका गृहस्थाने 2024 च्या जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत दरमहा 10 तारखेस पाच हजार रुपयांचा हप्ता, म्हणजे एसआयपी, लावला, असे समजा. एकूण साठ हजार झाले. मुलीची फी 2027 च्या जानेवारीत भरावयाची आहे आणि तोवर तीन वर्षे पुरी होतील, असा त्याचा हिशेब आहे.

हा हिशेब चुकतो, कारण प्रत्येक हप्त्याची तीन वर्षे निराळी असतात. पहिल्या हप्त्याची युनिटे बुधवारी, 10 जानेवारी 2024 रोजी मिळाली असे धरले, तर ती 10 जानेवारी 2027 रोजी मोकळी होतात. तो रविवार असल्याने विक्रीचा भाव सोमवारी, 11 तारखेस लागेल. 10 फेब्रुवारी 2024 हा दुसरा शनिवार. म्हणून त्या हप्त्याची युनिटे लवकरात लवकर 12 तारखेस मिळणार आणि 12 फेब्रुवारी 2027 ला मोकळी होणार. याच क्रमाने डिसेंबरचा हप्ता 10 डिसेंबर 2027 पर्यंत अडकून राहतो. म्हणजे फीच्या वेळी एकाच हप्त्याची युनिटे हाताशी येतात. सगळ्या रकमेची विक्री मागितली तरी उरलेले अकरा हप्ते सुटत नाहीत.

मोकळ्या झालेल्या युनिटांची विक्री आधी आलेली आधी या क्रमाने होते, आणि पैसे खात्यात पडावयास तीन कामाचे दिवस लागू शकतात. तेव्हा फीची तारीख ठरविताना ही मुदतही जमेस धरावी. गुंतवणूकदाराचा मृत्यू झाल्यास मात्र नामनिर्देशित व्यक्तीस किंवा वारसास वाटपापासून एक वर्ष पुरे झाल्यावर पैसे काढता येतात.

आपण करावयाचे ते इतकेच. खातेउतारा उघडावा, प्रत्येक हप्त्यासमोरील वाटपाची तारीख पाहून तीत तीन वर्षे मिळवावीत, आणि उताऱ्यात मोकळी म्हणून दाखविलेली युनिटे त्याच्याशी ताडून पाहावीत. एखाद्या दिवसाचा फरक दिसला तर उताऱ्यातील तारीख प्रमाण मानावी. ज्या खर्चाची तारीख ठरलेली आहे, त्याच्यासाठीचा शेवटचा हप्ता त्या तारखेच्या तीन वर्षे आधीच पडलेला असला पाहिजे.