अपस्माराच्या मुलासाठी शाळेला लिहायचे पत्र
(बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)

अपस्मार असलेल्या मुलाच्या शाळेला बालरोगतज्ज्ञ जे पत्र लिहितो, ते दोनदा वाचले जाते. पहिल्यांदा जूनमध्ये, मुख्याध्यापकांच्या खोलीत, निवांतपणे. दुसऱ्यांदा वर्गात, मूल जमिनीवर पडलेले असताना आणि भोवती बाकीची मुले घाबरून उभी असताना. हे दुसरे वाचन करणारी व्यक्ती बहुधा वर्गशिक्षिका असते. तिच्या हातात कागद असतो, औषधाची बाटली असते आणि वेळ फारच थोडा असतो. पत्र चांगले की वाईट, हे या दुसऱ्या वाचनात ठरते.

नेहमीचे पत्र तीन ओळींचे असते: ‘सदर विद्यार्थिनीस अपस्मार असून औषधोपचार सुरू आहेत. फिट आल्यास मिडॅझोलॅम नेझल स्प्रे एसओएस द्यावा. त्वरित रुग्णालयात न्यावे.’ यात वैद्यकीय चूक एकही नाही, तरीही पत्र जवळजवळ निरुपयोगी आहे. ‘एसओएस’ म्हणजे गरज पडल्यास. गरज कधी पडली हे ठरवायचे कोणी? फिट सुरू होताच फवारायचे की थांबून पाहायचे? किती फवारायचे? ‘त्वरित’ म्हणजे फिट चालू असतानाच मुलीला उचलून रिक्षात घालायचे का? डॉक्टरने घ्यायचा प्रत्येक निर्णय या पत्राने बाईंवर सोडला आहे. तो निर्णय घेण्याचे शिक्षण त्यांना कोणी दिलेले नाही आणि तशी अपेक्षाही रास्त नाही.

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊन पत्र कसे उभे राहते ते पाहता येईल. मुलगी आठ वर्षांची, इयत्ता तिसरीत, वजन 20 किलो. तिला सर्वांगाला झटके येणारी फिट येते. ती एरवी दीड-दोन मिनिटांत आपोआप थांबते, पण एकदा लांबली होती. रोजचे औषध लेव्हेटिरॅसिटॅम सिरप, 1 मिलीमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असलेले. दर किलोला दिवसाकाठी 30 मिलिग्रॅम धरले तर दिवसाचे 600 होतात. म्हणजे सकाळी 3 मिली आणि संध्याकाळी 3 मिली.

दोन्ही डोस घरीच होत असताना ते शाळेला कशासाठी कळवायचे, असा प्रश्न पालक हमखास विचारतात. कारण असे, की शाळेत आलेल्या अनेक फिट्सच्या मागे चुकलेला डोस असतो. सकाळची शाळा सातला भरत असेल तर औषध साडेसहाच्या धावपळीत घ्यायचे असते आणि नेमके तेच राहून जाते. म्हणून पत्रात वेळ स्पष्ट हवी: ‘सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी साडेसहा. शाळेच्या वेळेत कोणताही डोस नाही.’ त्याला जोडून आणखी एक वाक्य लागते: ‘आई डोस चुकल्याचे सांगायला आली तर तो शाळेतच देऊ द्यावा, दुपारपर्यंत थांबवू नये.’ मुक्कामाच्या सहलीत मात्र डोस शिक्षकांच्या हातात येतो. तिथे मिलीचा आकडा, मोजायची सिरिंज आणि औषध देणाऱ्या शिक्षकाचे नाव पत्राच्या पुरवणीत असावे. मिलिग्रॅमचा आकडा एकटा कधीच लिहू नये. सिरपच्या बाटलीवर मिलिग्रॅम मोजता येत नाहीत, सिरिंजवर मिलीच्या रेघा असतात.

या औषधाने काही मुलांमध्ये चिडचिड वाढते, रडू लवकर येते, भांडणे होतात. पालकांना हे सांगितले जाते, शाळेला क्वचितच. परिणामी तिसरीतली शांत मुलगी अचानक बाकावरच्या मैत्रिणीला ढकलू लागते आणि तिची रवानगी वर्गाबाहेर होते. ‘स्वभावात असा बदल दिसला तर शिक्षा करण्याआधी पालकांना कळवावे, औषध बदलता येते,’ एवढे एक वाक्य पुरते.

खरा प्रश्न तातडीच्या डोसचा आहे. सर्वांगाच्या झटक्यांच्या बहुतेक फिट्स दोन-तीन मिनिटांत स्वतःहून थांबतात, त्यांना स्प्रे लागत नाही. पाच मिनिटे उलटल्यावर मात्र फिट आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते आणि जितका उशीर, तितके औषध कमी लागू पडते. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेच्या 2015 च्या व्याख्येतही अशा फिटसाठी उपचार सुरू करण्याची वेळ पाच मिनिटेच धरली आहे. म्हणून पत्रातली पहिली सूचना औषधाची नसून घड्याळाची असावी: ‘फिट सुरू होताच घड्याळ पाहा आणि वेळ मोठ्याने सांगा.’ मोठ्याने अशासाठी, की गोंधळात बाई वेळ विसरल्या तरी मागच्या बाकावरच्या कोणाच्या तरी लक्षात ती राहते. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट पाचासारखे वाटते, त्यामुळे अंदाजावर दिलेला स्प्रे बहुधा फार लवकर दिला जातो.

पहिल्या पाच मिनिटांत करायचे थोडेच असते. डोक्याखाली दप्तर नाही, घडी केलेला स्वेटर किंवा ओढणी; चष्मा काढायचा, टाय सैल करायचा, मुलीला डाव्या कुशीवर वळवायचे. जे करायचे नाही ते अधिक ठळक लिहावे लागते: हातपाय दाबून धरू नयेत, दातांमध्ये चमचा किंवा बोट घालू नये, पाणी पाजू नये, तोंडाने कोणतेही औषध देऊ नये. कांदा, चप्पल आणि हातात किल्ली या उपायांचा पत्रात नावानिशी उल्लेख करणे काही डॉक्टरांना कमीपणाचे वाटते. तो करावा. उल्लेख नसला की कोणीतरी कांदा आणायला धावतोच, आणि तो धावणारा नेमका स्प्रे कुठे ठेवला आहे हे ठाऊक असलेला शिपाई असतो.

आता डोस. नाकातून मिडॅझोलॅम दर किलोला 0.2 मिलिग्रॅम, म्हणजे 20 किलोच्या मुलीला 4 मिलिग्रॅम. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या स्प्रेच्या एका फवाऱ्यात 0.5 मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे आठ फवारे, प्रत्येक नाकपुडीत चार. हा आकडा पत्रात अक्षरी आणि अंकी, दोन्ही प्रकारे लिहावा. या उपचारात वारंवार होणारी चूक जास्त औषध देण्याची नसते, कमी देण्याची असते. ‘नाकात आठ वेळा’ हे बाईंना भयंकर वाटते. दोन फवारून त्या थांबतात, फिट चालूच राहते आणि औषधाचा उपयोग झाला नाही अशी नोंद होते. प्रत्यक्षात मुलीला चौथाई डोस मिळालेला असतो.

उलट दिशेची चूक क्वचित होते, पण ती अधिक धोक्याची. बाजारात एका फवाऱ्यात 1.25 मिलिग्रॅम देणारा स्प्रेही आहे. पहिली बाटली संपली, दुकानदाराने दुसरी दिली आणि पत्रावरचे ‘आठ फवारे’ तसेच राहिले, तर मुलीच्या नाकात 4 ऐवजी 10 मिलिग्रॅम जातील. एवढ्या औषधाने श्वास मंदावू शकतो. म्हणून पत्रात फवाऱ्यांच्या शेजारीच लिहावे: ‘हा हिशेब फक्त 0.5 मिलिग्रॅमच्या बाटलीसाठी आहे. बाटलीवर दुसरा आकडा असेल तर बाटली स्वीकारू नये, दवाखान्यात फोन करावा.’ शिक्षकांनी गुणाकार करावा अशी वेळ कोणत्याही पत्राने आणू नये.

पंपाची बाटली कित्येक महिने न वापरता पडून असली तर पहिले एक-दोन फवारे कोरडे जातात. नाकात धरण्याआधी हवेत दाबून तुषार दिसेपर्यंत वाट पाहायची आणि मोजणी त्यानंतर सुरू करायची. बाटली शक्यतो उभी धरायची, नाहीतर आतल्या नळीत औषधाऐवजी हवा येते. नाकाशी लाळ किंवा शेंबूड असेल तर आधी पुसून घ्यायचा. हे पत्र वाचून जमत नाही. पालकांनी जूनमध्ये बाटली घेऊन जावे आणि वर्गशिक्षिका व आणखी एक शिक्षक, अशा दोघांना हवेत फवारून दाखवावे.

यावरून तातडीचा परिच्छेद असा उतरतो: ‘फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच, तसेच एका फिटनंतर शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली तर पाच मिनिटांची वाट न पाहता, स्प्रे द्यावा. आठ (8) फवारे: उजव्या नाकपुडीत चार, डाव्या नाकपुडीत चार. दिल्याची वेळ लिहून ठेवावी. स्प्रे हातात घेताच दुसऱ्या व्यक्तीने 108 ला आणि पालकांना फोन करावा. दुसरा डोस शाळेने देऊ नये. छातीची हालचाल आणि ओठांचा रंग पाहत राहावे. नुसती टक लावून पाहण्याच्या क्षणिक झटक्याला स्प्रे देऊ नये.’

स्प्रे देताच 108 ला फोन की आणखी पाच मिनिटे थांबून, यावर डॉक्टरांमध्ये दोन मते आहेत. ज्या मुलाला हे औषध पूर्वी कधीच दिलेले नाही, त्याच्या बाबतीत थांबणे योग्य नाही. औषधाला त्याचा श्वास कसा प्रतिसाद देतो हे कोणालाच माहीत नसते. गावाकडच्या शाळेत तर हा वादच उरत नाही. रुग्णवाहिका पोहोचायला पाऊण तास लागत असेल तर पत्रात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे नाव, तिथला फोन नंबर आणि गावातली कोणाची गाडी मिळू शकते हेही लिहावे लागते. ही माहिती डॉक्टरकडे नसते. ती पालकांना विचारूनच पत्र पुरे करावे.

फिट थांबल्यावर मुलगी तास-दोन तास गाढ झोपते. ती झोप फिटची असते आणि औषधाचीही. हलवले, हाक मारली की ती थोडीफार प्रतिसाद देते का, हे अधूनमधून पाहावे. पूर्ण जाग येईपर्यंत पाणी नाही, डबा नाही, आणि ती एकटी नाही.

स्प्रे कुठे ठेवायचा, यावर बरीच पत्रे गप्प असतात. तो चिठ्ठीशिवाय न मिळणारा औषधप्रकार असल्यामुळे शाळा जबाबदारीच्या भावनेने तो कपाटात कुलूपबंद करते आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते त्या दिवशी रजेवर असतात. मुलांच्या हाती लागणार नाही, पण मोठ्यांना किल्लीवाचून काढता येईल अशी उंच जागा पत्रात ठरवून द्यावी. मैदानावर किंवा सहलीला जाताना बाटली सोबत जावी, एवढे तिथेच नोंदवावे.

खेळांवरची बंदी पत्रात सरसकट येते आणि ती अन्यायाची असते. खो-खो, कबड्डी, धावणे यांना हरकत नाही. मल्लखांबावर किंवा दोरीवर उंच चढणे नको. पोहणे असेल तर पाण्यात तिच्या हाताशी एक जाणता मोठा माणूस हवा. स्नेहसंमेलनाच्या तालमींचे रात्रीचे जागरण मात्र खरोखर टाळण्याजोगे आहे, कारण अपुरी झोप हे फिटचे ठळक निमित्त असते.

पत्रावर तारीख, त्या दिवशीचे वजन आणि ‘पुढील पत्र दिवाळीच्या सुट्टीनंतर’ अशी नोंद असावी. वजन 25 किलो झाले की हिशेब 5 मिलिग्रॅमवर, म्हणजे दहा फवाऱ्यांवर जातो. नवे पत्र देताना जुने परत मागून घ्यावे. फाइलमधले पत्र बदलले जाते, पण वर्गातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली झेरॉक्स तशीच राहते, आणि फिटच्या वेळी बाईंच्या नजरेसमोर येते ती तीच. पालकांनी नवी प्रत स्वतः चिकटवून यावी.