खात्री कमी असेल, तर मेल माणसाकडे

वीजपुरवठ्याच्या एखाद्या ग्राहक कक्षाकडे येणारे ई-मेल हल्ली लँग्वेज मॉडेलकडून वाचून घेता येतात. बिलाची तक्रार एका टेबलाकडे, नव्या जोडणीचा अर्ज दुसरीकडे, तुटलेल्या तारेची खबर थेट दुरुस्ती पथकाकडे, अशी विभागणी मॉडेल करते. ज्या मेलबद्दल त्याची खात्री कमी असेल तो तपासणीच्या रांगेत जावा आणि माणसाने वाचावा, अशी सोयही ठेवली जाते. प्रश्न एवढाच, की किती खात्रीला पुरेशी म्हणायचे?

त्याआधी ही खात्री मोजायची कशी, हे पाहावे लागते. ‘तुला किती टक्के खात्री आहे?’ असे मॉडेललाच विचारणे हा सर्वांत सोपा मार्ग, आणि बहुधा सर्वांत फसवा. उत्तरे नव्वद, पंच्याण्णव अशा गोल आकड्यांभोवती घुटमळतात, चुकलेल्या मेलवरसुद्धा. त्यापेक्षा प्रत्येक विभागाला १, २, ३ असा एकअंकी क्रमांक द्यावा, मॉडेलकडून फक्त तो अंक मागावा आणि तो अंक लिहिताना मॉडेलने आतून धरलेली संभाव्यता पाहावी. अनेक सेवा ती लॉगरिदमच्या रूपात देतात. उणे ०.१०५ आले, तर संभाव्यता सुमारे ०.९० होते.

पण या ०.९० चा अर्थ ‘दहापैकी नऊ वेळा बरोबर’ असाच असेल, असे गृहीत धरता येत नाही. संभाषणासाठी घडवलेली मॉडेल्स पुष्कळदा अवाजवी खात्री दाखवतात. म्हणून आकडा पडताळावा लागतो. समजा, १००० जुने मेल अनुभवी कर्मचाऱ्यांनी हाताने वर्गीकृत केले आणि मग तेच मॉडेलला दिले. ०.९५ किंवा अधिक गुण मिळालेले ६२० निघाले, त्यांत ६ चुका. ०.८५ ते ०.९५ या पट्ट्यात २०० मेल, १८ चुका. उरलेल्या १८० मध्ये ६०. मधल्या पट्ट्यात मॉडेल सरासरी नव्वद टक्क्यांच्या आसपास खात्री सांगते आणि ९१ टक्के बरोबर ठरते, म्हणजे इथे आकड्यावर विसंबता येते. हा मेळ प्रत्येक ठिकाणी बसेलच असे नाही.

आता मर्यादा. सी. के. चाऊ यांनी १९७० मध्ये अक्षरे आणि आकृत्या ओळखणाऱ्या यंत्रांसाठी जो नियम मांडला, तो इथेही चालतो: चुकीची शक्यता, तपासणीचा खर्च भागिले चुकीचा खर्च, या गुणोत्तराहून जास्त असेल, तर निर्णय यंत्राने घेऊ नये. एक मेल वाचायला दोन मिनिटे लागतात. चुकीच्या टेबलावर गेलेला मेल शोधून परत आणण्यात चाळीस मिनिटे जातात, असे धरू. दोन भागिले चाळीस म्हणजे पाच टक्के. वरच्या पट्ट्यात चूक एक टक्का आहे, तो मॉडेलवर सोडावा. मधल्या पट्ट्यात नऊ टक्के आहे, तो रांगेत जावा. तिथे तपासणीला ४०० मिनिटे लागतील, पण १८ चुकांची ७२० मिनिटे वाचतील. मर्यादा ०.९५ ठरली. रोज २५० मेल येत असतील, तर सुमारे ९५ रांगेत जातील आणि त्यांना तीन तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. एवढा वेळ देणारा माणूसच नसेल, तर रांग तुंबते आणि मर्यादा कागदावर राहते.

सगळ्या विभागांना एकच मर्यादा मात्र चालत नाही. ‘बिल भरूनही नाव थकबाकीत दिसते, आणि काल रात्रीपासून मीटरमधून ठिणग्या उडताहेत’ या मेलला मॉडेल ०.९६ खात्रीने बिलाची तक्रार म्हणेल आणि धोक्याच्या विभागाला जेमतेम ०.०३ देईल. इथे चुकीची किंमत मिनिटांत मोजता येत नाही. म्हणून धोक्याची संभाव्यता ०.०२ च्या वर गेली, की पहिला क्रमांक कोणाचाही असो, मेल लगेच माणसासमोर यावा.

रांगेतला मेल वाचताना मॉडेलचा अंदाज झाकलेला बरा. तो दिसला की वाचणारा मान डोलावून पुढे जातो. रांगेबाहेर गेलेल्या मेलमधूनही यादृच्छिक नमुना काढून तपासावा लागतो, कारण खात्रीने केलेल्या चुका रांगेत कधी येतच नाहीत. अशा ३०० मेलमध्ये एकही चूक सापडली नाही, तरी चुकीचे प्रमाण शून्य आहे असे नव्हे. ते साधारण एक टक्क्याच्या आत आहे, एवढेच पंच्याण्णव टक्के विश्वासाने म्हणता येते. मॉडेलची नवी आवृत्ती आली, विभाग बदलले किंवा रोमन लिपीतल्या मराठी मेलची संख्या वाढली, की जुने गुण आणि चुकांचा मेळ सुटतो. तेव्हा नव्याने आलेले मेल घेऊन पुन्हा पट्टे पाडावे लागतात आणि मर्यादा नव्याने काढावी लागते.