राऊटर टीव्हीमागून काढा

फायबरचं कनेक्शन जोडायला आलेला माणूस तार दारातून आत घेतो, जवळचा प्लग बघतो आणि राऊटर टीव्हीमागे बसवून मोकळा होतो. मग मागच्या खोलीत व्हिडिओ कॉल अडखळला, की आपण बोल लावतो कंपनीला.

समजा, खामगावातला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. पुढे हॉल, मध्ये पॅसेज, त्याला लागून किचन आणि बाथरूम, टोकाला बेडरूम. टीव्हीपासून मागच्या पलंगापर्यंत मनातल्या मनात सरळ रेघ ओढा आणि वाटेत काय लागतं ते बघा. लाकडी दार किंवा चार इंची विटांची एखादी भिंत असेल तर फारसं बिघडत नाही. पण रेघ तिरकी गेली, तर तीच भिंत लहरींना जास्त जाड पडते. लोखंडी कपाट लहरी परत फिरवतं, पाणी त्या शोषून घेतं. आपल्याकडच्या कूलरमध्ये तर दोन्ही आलं: पत्र्याचं अंग, ओल्या ताट्या आणि खाली टाकीभर पाणी. मार्चमध्ये बरं चालणारं वायफाय एप्रिलमध्ये रुसलं, तर आधी कूलर कुठं मांडलाय ते पाहा.

अशा घरात मला पॅसेजची जागा पसंत आहे. तिथून बेडरूमकडे जाणारी रेघ बहुधा दारांतूनच जाते. राऊटर डोक्याच्या उंचीवर, उघडा ठेवा. माळ्यावर भांड्यांमागे नको. अँटेना उभ्या ठेवा, कारण उभ्या अँटेनाच्या लहरी आडव्या दिशेने पसरतात.

भिंतीला भोक पाडण्याआधी मात्र एक चाचणी करा. एका फोनचा हॉटस्पॉट 2.4 गिगाहर्ट्झवर चालू करून तो टीव्हीजवळ ठेवा. दुसऱ्या फोनवर वायफाय मोजणारं ॲप घेऊन मागच्या पलंगावर बसा. आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ, तितका चांगला. आता पहिला फोन पॅसेजमध्ये ठेवा आणि त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून पुन्हा मोजा. आपलं अंगही लहरी अडवतं, म्हणून दिशा बदलू नका. उणे 82 चा आकडा उणे 70 वर आला, तर जागा बदलणं सार्थकी लागेल. दोन-तीनचाच फरक पडला, तर खर्च करू नका; तेवढा आकडा बसल्या जागीही हलतो.

फायबरची तार स्वतः ओढू नका, ती कोपऱ्यावर मोडली की आतली काच तडकते. ते काम कंपनीच्याच माणसाला सांगा. राऊटर हलवल्यावर फोन त्यालाच जोडून पलंगावर पुन्हा मोजा. व्हिडिओ कॉलसाठी उणे 67 च्या आसपास आकडा हवा. तो उणे 75 च्याही खाली राहिला, तर राऊटर आणखी हलवत बसू नका. त्या खोलीपर्यंत लॅन केबल नेऊन तिथं दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवा.