जर्सी की म्हैस? आधी उन्हाळ्याचा चारा मोजू

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत पशुसखीने केलेल्या मांडणीचा मजकूर)



मागच्या दोन बैठकांत गटाच्या कर्जातून जनावर घ्यायचा विषय निघाला. निम्म्या जणी म्हणाल्या जर्सी घेऊ, दूध जास्त देते. निम्म्या म्हणाल्या म्हैस घेऊ, फॅट जास्त लागतं. दोघींचंही बरोबर आहे. पण आपण सांगोला-मंगळवेढ्याच्या बाजूच्या बाया. आपल्याकडं मालदांडी ज्वारीचा कडबा मुबलक, आणि हिरवा चारा मात्र विहिरीला पाणी असेल तोपर्यंतच. मार्च उजाडला की विहीर तळाला जाते. म्हणून दुधाच्या आधी मी चाऱ्याचं बोलणार आहे.

पहिली गोष्ट, जर्सी कशाला म्हणायचं ते. गावात आपण प्रत्येक संकरित गायीला जर्सीच म्हणतो. काळी-पांढरी, मोठ्या अंगाची असते ती होल्स्टिन. ती दूध भरपूर देते, पण खातेही भरपूर, ऊन तिला सोसत नाही आणि फॅट साडेतीनच्या आसपास राहतं. तांबूस-बदामी रंगाची, अंगानं लहान असते ती जर्सी संकर. तिचं वजन तीनशे ते साडेतीनशे किलो भरतं आणि फॅट चारच्या वर लागतं. हिरवा चारा कमी असेल तर काळ्या-पांढऱ्या गायीचा विचार सोडूनच द्या. आज आपण बदामी जर्सी आणि पंढरपुरी म्हैस या दोघींचीच तुलना करू.

आता खाणं बघू. जर्सीला दिवसाला साधारण 10 किलो कोरडं अन्न लागतं आणि म्हशीला 12 किलो. कोरडं अन्न म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा केल्यावर उरतं ते. हिरव्या चाऱ्यात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळं 5 किलो हिरवा चारा टाकला तेव्हा कुठं 1 किलो कोरडं अन्न पोटात जातं. म्हणजे म्हैस खाते जास्तच. पण कडब्यासारखा जाड, चिवट चारा ती गायीपेक्षा चांगला पचवते. म्हणून आपल्या जुन्या बायका कडब्यावर म्हैस धरत होत्या.

मग गणित कसं बसतं? एक उदाहरण मांडू. यातले दर मी मांडणीपुरते धरलेत. तुम्ही तुमच्या डेअरीचा दर घालून घरी पुन्हा करा.

समजा एका ताईची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. कडबा घरचा आहे. विहिरीजवळ चार गुंठे नेपियर आहे, त्यातून दिवसाला 10 किलो हिरवा चारा मिळतो. तिची जर्सी 300 दिवस सरासरी 7 लिटर दूध देते. लिटरला 32 रुपये धरले तर वेताचे 67,200 रुपये झाले. म्हैस 300 दिवस सरासरी साडेपाच लिटर देते. लिटरला 50 रुपये धरले तर 82,500 रुपये झाले.

इथंच आपण चुकतो. वेताचे पैसे बघतो आणि म्हैस फायद्याची म्हणतो. पण एका वेतापासून दुसऱ्या वेतापर्यंत दिवस किती गेले ते बघत नाही. गाय गाभण राहिली की सव्वानऊ महिन्यांनी विते, म्हशीला सव्वादहा महिने लागतात. शिवाय म्हैस वेल्यानंतर माजावर उशिरा येते. चांगली सांभाळली तर गाय 14 महिन्यांनी, म्हणजे 420 दिवसांनी पुन्हा विते. म्हशीला साडेसोळा महिने, म्हणजे 500 दिवस लागतात. आता भागाकार करा. गायीचे रोजचे 160 रुपये आले, म्हशीचे 165.

यातून पेंड आणि गोळीखाद्य वजा करू. किलोला 30 रुपये धरले. दुधात असताना दोघींना रोज साधारण 4 किलो 300 ग्रॅम आणि भाकड काळात 2 किलो धरलं. सगळे दिवस मिळून गायीचा रोजचा खर्च 109 रुपये येतो, म्हशीचा 101. उरले किती? गायीचे 51, म्हशीचे 64. पण म्हैस रोज दोन किलो कडबा जास्त खाते. त्याचे 12 रुपये काढले की म्हशीचे 52 राहिले. म्हणजे दोघी बरोबरीत! जनावर चांगलं सांभाळलं तर गाय काय आणि म्हैस काय, हातात सारखंच पडतं.

फरक पडतो तो हिरवा चारा संपल्यावर. हिरवा चारा नुसता पोट भरायला नसतो. त्यातून जनावराला अ जीवनसत्त्व मिळतं, ते कडब्यात जवळजवळ नसतं. रोज निदान 5 किलो तरी हिरवं पोटात गेलं पाहिजे. महिनोन् महिने नुसत्या कडब्यावर जनावर ठेवलं तर काय होतं? वेल्यावर वार अडकते. वासरू अशक्त जन्मतं, कधी आंधळंही निघतं. आणि जनावर माजावर येत नाही, किंवा आलं तरी उलटतं. वेल्यावर तीन महिने झाले आणि माज दिसला नाही, तर समजा की हिशोब बिघडायला लागला. डॉक्टरांना बोलवा आणि चारा तपासा.

हिशोब किती बिघडतो ते बघा. गाय 14 ऐवजी 18 महिन्यांनी वेली, तर रोजचे 51 रुपये होते ते 26 वर येतात. सरळ निम्मे! म्हैस साडेसोळाऐवजी वीस महिन्यांनी वेली, तर कडब्याआधीचे 64 रुपये होते ते 43 वर येतात. म्हणजे फटका म्हशीलाही बसतो, पण गायीला जास्त बसतो. शिवाय हिरवं बंद झालं की जर्सीचं दूध पटकन खाली येतं. म्हैस थोडी तग धरते.

अशा वेळी पुष्कळ जणी पेंड वाढवतात. तसं करू नका. चारा कमी आणि पेंड जास्त झाली की जनावर रवंथ कमी करतं, शेण पातळ होतं आणि फॅट पडतं. डेअरीच्या पावतीवर फॅट उतरलेलं दिसलं आणि शेण पातळ असलं, तर पेंड कमी करून चारा वाढवायचा. उलट शेण कोरडं आणि घट्ट गोळ्यांचं पडत असेल, तर हिरवं, पाणी किंवा पेंड कमी पडतंय.

मग उन्हाळ्यात हिरवं आणायचं कुठून? पावसाळ्यात तयारी करायची. एप्रिल ते जून हे 90 दिवस. रोज 8 किलो धरले तर एका जनावराला 720 किलो मुरघास लागतो. दोन-तीन गुंठे मका पावसाळ्यात लावला तर तेवढा होतो. कणसातला दाणा दुधाळ असून घट्ट व्हायला लागला की मका कापायचा, दिवसभर सुकू द्यायचा, कुट्टी करायची आणि मुरघासाच्या पिशवीत थरावर थर दाबून भरायचा. आत हवा राहिली की बुरशी आलीच. तोंड घट्ट बांधून 45 दिवस हात लावायचा नाही. उघडल्यावर आंबूस-गोड वास आला तर चांगला. काळा पडलेला, कुबट वासाचा भाग जनावराला घालू नका. जोडीला बांधावर शेवरी लावा. एकदा मूळ धरलं की तिला पाणी कमी लागतं.

कडबा तसाच्या तसा टाकू नका, कुट्टी करूनच घाला. अख्ख्या पेंढीतलं बुडखं जनावर सोडतं आणि ते पायाखाली जातं. कुट्टीयंत्र एकीला महाग पडतं, पण पाच-सहा जणींत मिळून परवडतं.

आता म्हशीची दुसरी बाजू. तिचं कातडं काळं आणि तिला घाम फार कमी येतो. एप्रिल-मेमध्ये दाट सावली आणि दिवसातून दोनदा अंगावर पाणी नसेल तर ती धापा टाकते, दूध कमी करते आणि माज दाखवत नाही. एरवीही म्हशीचा माज मुका असतो, गायीसारखी ती हंबरत नाही. रात्री नाहीतर पहाटे सोट दिसतो का ते बघावं लागतं. ज्या घरी पहाटे गोठ्यात जाणारं कोणी नाही, तिथं म्हशीचा माज चुकतो. एक माज चुकला की 21 दिवस गेले, म्हणजे आणखी तीन आठवडे भाकड सांभाळायची.

आणि कर्जाचा हप्ता. आपल्या उदाहरणातली म्हैस 200 दिवस भाकड आहे, म्हणजे साडेसहा महिने दुधाची पावती नाही. गटाचा हप्ता मात्र दर महिन्याला आहे. म्हणून दुधाच्या महिन्यांत प्रत्येक पगाराला थोडी रक्कम भाकड काळासाठी बाजूला टाका. दोन म्हशी घ्यायच्या असतील तर एकदम घेऊ नका. पहिली आटायला आली की दुसरी ताजी वेलेली आणा. एक गोष्ट म्हशीच्या बाजूची आहे. भाकड म्हशीला बाजारात गिऱ्हाईक मिळतं. 2015 च्या कायद्यानंतर गोऱ्हा आणि थकलेली गाय विकणं आपल्याकडं अवघड झालंय, त्यामुळं तो खर्च आधीच धरा.

तर कुणी काय घ्यावं? ज्यांच्याकडं कडबा भरपूर आहे, हिरवं रोज 5 ते 10 किलोच निघतं, उन्हाळ्यात अंगावर टाकायला पाणी आहे आणि डेअरी फॅटवर दर देते, त्यांनी म्हैस घ्यावी. ज्यांच्याकडं बारमाही थोडं तरी पाणी आहे, रोज 15 किलो हिरवं निघतं, मुरघास करायची तयारी आहे आणि दर महिन्याला पावती हवी आहे, त्यांनी बदामी जर्सी घ्यावी. आणि जिच्याकडं ना हिरवं, ना पाणी, तिनं यंदा जनावर घेऊ नये. आधी शेवरी आणि मका लावावा, पुढच्या वर्षी कर्ज मागावं. गट कुठं जात नाही.

घेताना दुसऱ्या वेताची, नुकतीच वेलेली बघा. सलग तीन वेळा स्वतःसमोर धार काढून घ्या. एक वेळचं दूध बघून पैसे देऊ नका, कारण आदल्या वेळची धार चुकवून कास भरलेली दाखवतात.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं तीन आकडे लिहून आणा: घरात कडब्याच्या पेंढ्या किती, मार्चनंतर रोज हिरवं किती किलो निघेल, आणि विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांनी मुलांकडून लिहून घ्या. हे तीन आकडे समोर ठेवूनच कर्जाचे अर्ज बघू.