नावाची पट्टी

वारीत एका वारकऱ्याची मुलाखत चित्रित केली आहे. मागे पांढरे सदरे, टोप्या, भगव्या पताका, आणि सगळं हलतंय. त्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव टाकलं, तर एखादा सदरा मागून सरकताच ते पुसल्यासारखं होतं. नुसत्या सावलीने इथे भागत नाही. अक्षरांखाली काळी किंवा गडद निळी पट्टी घ्या आणि ती साधारण सत्तर टक्के अपारदर्शक ठेवा. मागची हालचाल दबते, पण दृश्य मरत नाही. देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार असतो. म्हणून पट्टी अक्षरांना घट्ट चिकटवू नका आणि बारीक टंक टाळा.

आता चेहरा. माणूस उजवीकडे असेल तर पट्टी डावीकडे, काठापासून थोडी आत. चौकट हनुवटीपाशीच संपत असेल तर तिथे नाव नकोच. त्याच मुलाखतीतल्या दूरच्या दृश्यावर द्या. नाव आणि गाव सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ पट्टी राहू द्या. शेवटी सगळ्यात उजळ क्षणी चित्र थांबवून मोबाईलवर हातभर अंतरावरून वाचून बघा. अडखळलात, तर अक्षरं मोठी करा.